मागून आवळायचा स्क्रू : एका जुन्या शिवणयंत्राची ओळख पटवताना

आत्याचे शिवणयंत्र माझ्याकडे आले तेव्हा त्याच्यासोबत पुस्तिका नव्हती, पावती नव्हती आणि ते कधी घेतले हे सांगू शकणारे कोणी उरलेही नव्हते. यंत्र सिंगरचे आहे, एवढे त्याच्या आडव्या हातावरच्या झिजलेल्या सोनेरी अक्षरांवरून कळत होते; परंतु सिंगरची यंत्रे शंभराहून अधिक वर्षे निघत राहिली आणि त्यांतली कित्येक लांबून पाहिली तर भावंडांसारखी सारखीच दिसतात. मला दोन गोष्टी हव्या होत्या. यंत्राची लाकडी बैठक वाळवीने पोखरली होती, म्हणून तशीच दुसरी बैठक हवी होती. आणि सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, ज्याला सगळे फूटच म्हणतात, त्याचे एक बोट तुटले होते. या दोन्ही वस्तूंसाठी मॉडेल नेमके कोणते, हे ठाऊक असणे आवश्यक होते.

सुट्या भागांच्या एका विक्रेत्याने मॉडेलचा फोटो पाठवायला सांगितले, तेव्हा यंत्रावर जी एकमेव छापील पट्टी दिसली तिचे छायाचित्र मी काढले. ती पट्टी यंत्राच्या मागे बसवलेल्या लहान विजेच्या मोटरवर होती आणि तिच्यावर अक्षरे, आकडे, व्होल्ट असे सगळे काही सुवाच्य होते. माझ्या मते काम तिथेच संपले होते. उत्तर आले की हा मोटरचा क्रमांक आहे, यंत्राचा नव्हे. मोटर नंतर केव्हातरी बसवलेली असू शकते आणि तीच मोटर अनेक प्रकारच्या यंत्रांवर चालते. आज मागे वळून पाहता ही चूक फार स्वाभाविक वाटते, कारण आपली नजर पट्टी शोधते आणि ती पट्टी नेमक्या कोणत्या वस्तूची आहे, हा प्रश्न तिला पडत नाही.

त्यानंतर मी जुन्या यंत्रांची चित्रे शेजारी ठेवून स्वतःच निष्कर्ष काढला की हे ६६ क्रमांकाचे मॉडेल आहे, आणि ६६ साठीचा म्हणून एक फूट मागवला. तो आला, पण बसेना. नव्या फुटाला खाच बाजूला होती आणि माझ्या यंत्राच्या दांड्याला तो बाजूने घेण्याची सोयच नव्हती. मॉडेल चुकले की वस्तू चुकली, हे मला ठरवता येईना. तेव्हा एका परिचितांनी मला एका वृद्ध कारागिरांचा दूरध्वनी क्रमांक दिला. त्यांनी आयुष्यभर अशीच यंत्रे उघडली आणि जुळवली होती. त्यांचे गाव दूर असल्यामुळे सगळे काही छायाचित्रांवरच अवलंबून होते.

मी त्याच संध्याकाळी पाच छायाचित्रे काढून पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “ताई, तुमचे पाचही फोटो पाहिले,” ते म्हणाले. “त्यांवरून तुमच्या खोलीत ट्यूबलाइट आहे एवढं मला नक्की कळलं.” मी छायाचित्रे पुन्हा उघडली तेव्हा त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. यंत्राच्या काळ्याभोर रोगणावर वरच्या नळीची पांढरी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली होती आणि नक्षीचा अर्धा भाग तिच्याखाली गेला होता. दोन छायाचित्रांत मोबाइलच्या फ्लॅशचा गोळा होता. अनुक्रमांकाचे म्हणून काढलेले छायाचित्र नुसतेच करडे आणि धूसर होते.

काकांनी मग एक गोष्ट सांगितली आणि पुढचे सगळे काम तिच्याभोवतीच फिरले. त्यांना यंत्राचा “चांगला” फोटो नको होता. त्यांच्या मनात चार प्रश्न होते आणि एकेका छायाचित्राने एकेक प्रश्न मिटवायचा होता. यंत्र पूर्ण आकाराचे आहे की पाऊण आकाराचे? खालचा धागा कोणत्या जातीच्या बॉबिनमधून येतो? फूट दांड्याला कोणत्या बाजूने आवळला जातो? आणि खाली ठोकलेला अनुक्रमांक काय आहे? मोटर तर त्यांनी मला काढूनच ठेवायला सांगितली. तिची जोडणी आधीच सोडवलेली होती आणि दोर विजेच्या खोबणीत नव्हता, त्यामुळे एक स्क्रू सैल करताच ती निघाली. ती बाजूला झाल्यावर यंत्राच्या मागची बाजू मी पहिल्यांदा नीट पाहिली.

पहिला प्रश्न आकाराचा. ६६ क्रमांकाचे यंत्र पूर्ण आकाराचे असते आणि ९९ हे त्याचेच पाऊण आकाराचे भावंड. दोघांची रचना इतकी सारखी आहे की शेजारी दुसरी वस्तू नसेल तर छायाचित्रात एकाचे दुसरे होऊन जाते. माझ्या पहिल्या छायाचित्राने तर गोंधळ आणखीच वाढवला होता, कारण यंत्र चौकटीत पूर्ण बसावे म्हणून मी मोबाइल जेमतेम चाळीस सेंटिमीटरवर धरला होता. यंत्राचा लोखंडी पाया सुमारे अठरा सेंटिमीटर रुंद आहे. इतक्या जवळून पाहिले की पायाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा जवळपास दीडपट मोठी दिसते, चाक फुगते आणि आडवा हात आखूड वाटतो. अशा छायाचित्रावरून प्रमाण ठरवायला गेलेला माणूस फसणारच.

म्हणून मी दीड मीटर मागे सरकले आणि यंत्र चौकटीत मोठे दिसण्यासाठी दुप्पट झूम वापरला. या अंतरावरून पुढच्या आणि मागच्या कडेतला फरक एकअष्टमांशापेक्षाही कमी राहतो. मोबाइल उंच धरून वरून खाली न पाहता मी तो पुस्तकांच्या थप्पीवर टेकवला, म्हणजे भिंग साधारण आडव्या हाताच्या आणि पायाच्या मध्यावर आले, आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. पायाच्या पुढच्या कडेला अगदी चिकटून, तिच्याच पातळीत, एक मोजपट्टी उघडून ठेवली. मोजपट्टी कडेच्या पुढे किंवा मागे चार-पाच सेंटिमीटर जरी पडली तरी माप खोटे निघते, हे मला एकदा चुकल्यावरच उमगले. पट्टीवर माझ्या यंत्राचा पाया सदतीस सेंटिमीटरला संपला. पाऊण आकाराच्या यंत्राचा तो एकतीसच्या आसपास संपतो. ९९ बाद झाले, आणि लाकडी बैठक कोणत्या मापाची शोधायची, हेही त्याच एका छायाचित्राने ठरवले.

या छायाचित्रात आणखी एक अडचण होती, ती काळ्या रंगाची. यंत्र पांढऱ्या भिंतीसमोर ठेवले तेव्हा कॅमेऱ्याने भिंतीच्या उजेडाशी जुळवून घेतले आणि यंत्र नुसत्या काळ्या सावलीसारखे आले. पार्श्वभूमी काळी केली तर उलटे होते : कॅमेऱ्याला सगळा देखावा अंधारा वाटतो, तो उजेड वाढवतो आणि काळे रोगण राखाडी, धुळकट दिसू लागते. करड्या रंगाची जाड चादर मागे टांगल्यावर दोन्ही दोष गेले. शिवाय पडद्यावर यंत्राच्या अंगावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड तिथेच बांधले जातात; त्यानंतर उजेडाची खूण किंचित खाली ओढली, म्हणजे काळ्यात काळे वेगळे दिसू लागते.

दुसऱ्या प्रश्नाला मी फार वेळ दिला नाही, कारण तो सोपा निघाला. जुन्या घरगुती सिंगर यंत्रांत खालच्या धाग्याची व्यवस्था हीच सर्वांत ढळढळीत खूण असते. २७, २८, १२७ आणि १२८ या मॉडेलांत होडीच्या आकाराचे लांबट शटल पायाखाली झुलते. १५ मध्ये बॉबिन डाव्या टोकाकडे उभे बसते. आणि ६६ व ९९ मध्ये चपटे गोल बॉबिन सुईच्या पुढे, सरकत्या पट्टीखाली आडवे ठेवले जाते. सरकती पट्टी उघडल्याखेरीज यातले काहीच कळत नाही, आणि माझ्या पहिल्या पाचही छायाचित्रांत ती बंद होती. ती सरकवून, बॉबिन बाहेर काढून शेजारीच ठेवून, बरोबर वरून एक छायाचित्र घेतले. खोलगट जागेत काळोख होता, म्हणून पांढरा कागद हातात धरून खिडकीचा उजेड आत परतवला. तेवढे पुरले.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र माझ्या चुकलेल्या खरेदीचा उलगडा केला. काका म्हणाले, “फूट ज्या दांड्याला बसतो ना, त्याचा मागून फोटो पाठवा. समोरून नको, कारण समोरून दोन्ही सारखेच दिसतात.” मला तोवर वाटत होते की मॉडेलचा क्रमांक कळला की सगळे कळले. परंतु ६६ या एकाच क्रमांकाखाली दोन तऱ्हा आहेत. सुरुवातीच्या यंत्रांत फूट दांड्याला मागच्या बाजूने लावून मागूनच स्क्रूने आवळला जातो. पुढे ही पद्धत बदलली आणि फूट बाजूने बसवू लागले. ती बाजूची पद्धत इतर अनेक यंत्रांशी जुळते, म्हणून बाजारात ६६ चा म्हणून जो फूट सहज मिळतो तो बहुधा तसाच असतो. मॉडेल बरोबर असूनही वस्तू चुकीची, असे माझे झाले होते.

हा फोटो दिसायला साधा, पण काढायला अवघड निघाला. मागून पाहताना सुईचा दांडा आणि फुटाचा दांडा एकमेकांपुढे येतात, मागे यंत्राचा काळा हात असतो आणि मधले सगळे पोलाद आरशासारखे चकाकते. पहिल्या प्रयत्नात दांड्यात माझ्या हाताचे आणि खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब इतके ठळक आले की स्क्रू कोणता आणि गज कोणता, हे मलाच सांगता येईना. चकाकत्या उघड्या धातूचे छायाचित्र म्हणजे खरे तर त्याच्यासमोर जे काही असेल त्याचे छायाचित्र, हे एकदा ध्यानात आले की उपाय आपोआप सुचतो : त्याच्यासमोर साधे काहीतरी ठेवायचे. मी एक पांढरा जाड कागद अर्धगोल वाकवून दांड्याभोवती कनातीसारखा उभा केला, त्याला मोबाइलच्या भिंगाएवढे भोक पाडले आणि कागदाच्या बाहेरून दिव्याचा उजेड टाकला. आता पोलादात फक्त पांढरेपणा उमटत होता. मग कागदाच्या एका कडेला बोटभर रुंदीची काळी पट्टी लावली, आणि त्या काळ्या रेघेच्या प्रतिबिंबामुळे दांड्याची गोलाई आणि स्क्रूच्या डोक्याची कड, दोन्ही स्पष्ट उठून आली.

यंत्र बाजूला कलते करून मागून, भिंग फुटाच्या उंचीवर ठेवून, एकदा फूट लावलेला आणि एकदा काढलेला, अशी दोन छायाचित्रे घेतली. काढलेल्या स्थितीतले महत्त्वाचे होते, कारण त्यात दांड्याच्या मागच्या अंगाला स्क्रूचे भोक उघडे दिसत होते. जुना तुटका फूट आणि चुकून आलेला नवा फूट मी मोजपट्टीजवळ शेजारी शेजारी ठेवून तिसरेही एक छायाचित्र पाठवले. काकांचे उत्तर तासाभरात आले : “मागून आवळायचा. म्हणजे सुरुवातीचं ६६. आता नंबर वाचू.”

अनुक्रमांकावर माझ्या दोन दुपारी गेल्या आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. तो यंत्राच्या पायावर उजव्या हाताला, खांबाच्या बुडाजवळ, किंचित उंच अशा छोट्या चौथऱ्यावर ठोकलेला असतो. सिंगरच्या यंत्रांवर १९०० पूर्वी नुसते आकडे असत आणि त्यानंतर आकड्यांच्या आधी एक किंवा दोन अक्षरे येऊ लागली. ते अक्षर साधारणपणे कारखाना सांगते. म्हणून एक अक्षर चुकीचे वाचले तर यंत्र एका खंडातून दुसऱ्या खंडात जाऊन बसते. माझ्या यंत्राचे अक्षर एफ आहे की ई, हे पहिल्या छायाचित्रावरून कळत नव्हते, कारण एफच्या तळाशी मळाची एक रेघ होती. मधला एक आकडा तर इंग्रजी तीन असेल किंवा आठ, दोन्ही तितकेच पटत होते.

आधी साफसफाई. ही पायरी सांगताना काकांचा आवाज कडक झाला. स्पिरिट, नेलपॉलिश पुसायचे द्रव, भांडी घासायची काथ्या यांतले काहीही यंत्राला लावायचे नाही. जुन्या यंत्रांच्या नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते; पुसायला जाल तर मळाबरोबर नक्षीही कापसावर येते. शिवणयंत्राच्याच तेलाचा एक थेंब, मऊ कापड आणि पुष्कळ धीर, एवढीच सामग्री त्यांनी सांगितली. चौथऱ्यावर तेल दहा मिनिटे राहू दिले आणि हलक्या हाताने टिपून घेतले. कापडावर काळपट तपकिरी डाग आला आणि एफच्या तळाची रेघ निम्मी नाहीशी झाली. नंतर कोरड्या कापडाने तेलाचा अंशही काढावा लागला, कारण तेलाची पापुद्र्यासारखी चमक खाचांमध्ये उजेड भरून टाकते.

मग उजेडाची दिशा. ठोकलेला अंक म्हणजे धातूतली खाच. तिच्यात रंग नसतो, त्यामुळे ती दिसते ती केवळ सावलीमुळे. फ्लॅश किंवा डोक्यावरचा दिवा खाचेत सरळ पडतो, सावली उरत नाही आणि अंक नाहीसा होतो. माझ्या पहिल्या छायाचित्राच्या करडेपणाचे कारण हेच होते. खोलीत अंधार करून मी छोटी बॅटरी अंकांपासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर, पण पृष्ठभागापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटर उंचीवर धरली, म्हणजे उजेड जवळजवळ सरपटत आला. बॅटरीची उंची कमी करत नेली तसा एकेक अंक अंधारातून वर येऊ लागला, आणि काळ्या रोगणावरचे ओरखडेही तितक्याच उत्साहाने वर आले. फार खाली नेल्यास ओरखडे आणि अंक एकमेकांत मिसळतात. म्हणून मध्येच कुठेतरी थांबावे लागते, आणि ते डोळ्यांनीच ठरवावे लागते.

एवढे करूनही तीन की आठ, हा प्रश्न सुटेना. मी बॅटरी डावीकडून धरली होती. माझी समजूत अशी की सरपटता उजेड मिळाला म्हणजे झाले. दिशेने काय फरक पडणार? फरक पडतो, आणि तो असा. उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेला समांतर असलेली खाच उजेडाने पुरती भरून जाते आणि तिच्यात सावली पडत नाही. उजेडाला आडवी असलेली खाच मात्र ठळक दिसते. डावीकडून उजेड टाकला की अंकांच्या उभ्या रेषा उठतात आणि आडव्या पुसट होतात. वरून टाकला की नेमके उलटे. इंग्रजी तीन आणि आठ यांच्यातला फरक डावीकडच्या दोन लहान कमानींचा आहे, आणि त्या कमानी झिजलेल्या असतील तर त्यांचे काही तुकडे एका दिशेच्या उजेडात, काही दुसऱ्या दिशेच्या उजेडातच सापडतात.

म्हणून मोबाइल जागचा न हलवता, त्याला पुस्तकांच्या थप्पीवर पक्का टेकवून, मी चार छायाचित्रे घेतली : उजेड डावीकडून, वरून, उजवीकडून आणि खालून. मोबाइल अंकांपासून वीस सेंटिमीटरवर ठेवला आणि झूम दुप्पट केला. त्याहून जवळ नेला तर फोकस बसेना आणि मोबाइलची स्वतःचीच सावली अंकांवर पडू लागली. चारही छायाचित्रे एकामागून एक झपाझप उलटून पाहिली तेव्हा सावल्या अंकांभोवती फिरल्यासारख्या दिसल्या आणि डावीकडच्या कमानी असल्याचे उघड झाले. तो आठ होता. एफच्या तळाशी राहिलेली रेघ मात्र कोणत्याही दिशेच्या उजेडात सावली टाकत नव्हती, म्हणजे ती खाच नसून वर बसलेला डागच होता, आणि अक्षर एफच ठरले.

खालून उजेड टाकलेल्या छायाचित्राने एक गंमत केली. त्यात अंक खोल न दिसता पृष्ठभागावर चिकटवल्यासारखे उंच दिसत होते. उजेड वरूनच येतो, अशी आपल्या डोळ्यांची सवय असल्यामुळे खालच्या उजेडात खाच फुगवट्यासारखी भासते. काकांना पाठवताना मी म्हणूनच प्रत्येक छायाचित्राखाली उजेडाची दिशा लिहिली, कारण अंक खाचेचे आहेत की उठावाचे, हीही एक खूण असते आणि ती उलटी वाचली जाऊ नये.

छायाचित्रे पाठवण्यातही एकदा माती झाली. संदेशाच्या ॲपमधून नेहमीसारखी पाठवली तेव्हा ती आपोआप लहान झाली आणि माझ्या मोबाइलवर लख्ख दिसणारा आठ काकांच्या पडद्यावर पुन्हा तीन झाला. तीच छायाचित्रे फाइल म्हणून पाठवल्यावर आकार कायम राहिला. आकडे मी स्वतः टाइप करूनही पाठवले होते, पण काका म्हणाले की टाइप केलेला आकडा म्हणजे तुमचं मत. मला फोटोतला पाहू द्या.

एफ हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्याचे. त्या कारखान्याच्या मॉडेलांच्या नावात पुढे के हे अक्षर येते, म्हणजे माझे यंत्र ६६ के. सिंगरच्या नोंदवहीत अनुक्रमांक गटागटाने दिलेले असतात आणि शेजारी मॉडेल व तारीख असते. परंतु ती तारीख त्या गटाला आकडे नेमून दिल्याची असते, यंत्र प्रत्यक्ष जुळवून बाहेर पडल्याची नव्हे. एफ मालिका १९१० च्या सुमारास सुरू झाली, एवढ्यावरून माझ्या यंत्राचे वय कोणत्या दशकात शोधायचे ते कळले, आणि मागून आवळायचा स्क्रू त्या काळाशी जुळला. नुसत्या आकड्यावर काका समाधानी नव्हते. आकडा आणि रचना यांचे एकमत झाले तेव्हाच ते हो म्हणाले.

नक्षीचे छायाचित्र मी खरे तर हौसेखातर काढले, पण त्याचाही उपयोग झाला. आडव्या हातावरच्या आणि पायावरच्या सोनेरी चित्रांवर खिडकीचे प्रतिबिंब पडत होते. पोलादावर वापरलेली कागदाची कनात इथे नको होती, कारण तिने सगळे काळे रोगण दुधाळ होऊन गेले असते. इथे उन्हात वापरायचा पोलराइज्ड गॉगल कामी आला. त्याची एक काच भिंगासमोर धरून हळूहळू फिरवली आणि मोबाइल पृष्ठभागाशी साधारण पस्तीस अंशांच्या कोनात आणला, तेव्हा एका क्षणी रोगणावरची चकाकी विझली आणि नक्षी तळ्याच्या पाण्याखालून दिसावी तशी वर आली. हा उपाय रोगण, काच, प्लास्टिक यांवर चालतो; चकाकत्या उघड्या धातूवर चालत नाही, म्हणून फुटाच्या दांड्यासाठी त्याचा काहीही उपयोग झाला नसता. नक्षीत कमळाच्या आकृत्या होत्या. कमळाची नक्षी क्लाइडबँकच्या ६६ वर आढळते, आणि अमेरिकेत एलिझाबेथ येथे बनलेल्या ६६ वर लाल-सोनेरी डोळ्यांसारखी निराळी नक्षी असते. तरी नक्षीला पुरावा मानू नका, असे काकांनी बजावले. यंत्र पुन्हा रंगवून त्यावर नवी नक्षी चिकटवता येते, अनुक्रमांक मात्र ओतीव लोखंडात ठोकलेला असतो.

खांबावरचा पितळी बिल्ला मी शेवटी टिपला. त्यावर केवळ कंपनीची मुद्रा आहे, मॉडेल नाही. काही यंत्रांवर बिल्ल्याखाली मॉडेलची छोटी पट्टी असते, म्हणून काकांनी तिथे रिव्हेटची भोके आहेत का, हे पाहायला सांगितले होते. भोके नव्हती. पट्टी पडून हरवलेली नाही, तर ती कधी नव्हतीच, हे त्या छायाचित्रावरून कळले.

सदतीस सेंटिमीटरच्या पायाची लाकडी बैठक पुढच्या महिन्यात मिळाली. मागून आवळायच्या फुटासाठी थोडे जास्त थांबावे लागले. या वेळी विक्रेत्याकडून मीच फोटो मागितला, फुटाचा मागून आणि मोजपट्टीसह, आणि तो काकांच्या नजरेखालून घातला. फूट आला त्या दिवशी यंत्र कलते करून, मागच्या भोकात स्क्रू दोन बोटांनी फिरवला. तो शेवटच्या आट्यापर्यंत अडखळला नाही. काकांना कळवले, तेव्हा त्यांनी विचारले, “फूट खाली सोडल्यावर कापड ओढणाऱ्या दातांच्या बरोबर मधोमध येतो ना? समोरून एक फोटो पाठवा. आणि ट्यूबलाइट बंद करून.”